कोरडेमामांचा खड्डा आणि सहाव्या मजल्याचा उंबरा

"ए लिफ्टवाल्या, वरनं थुंकू नकोस!"

"मी कशाला थुंकू मामा? तोंडात काय नाय माझ्या. हे बघा, आऽऽ!"

"मग माझ्या टकलावर पडलं काय?"

"घाम असंल तुमचा."

"माझाच घाम माझ्याच टकलावर वरनं कसा पडंल? जरा डोकं चालव."

लिफ्टवाल्यानं डोकं काही चालवलं नाही. तो तळमजल्याच्या उघड्या दारात पाय खाली सोडून निवांत बसला होता. त्याच्या पायांखाली, पाच फूट खोल खड्ड्यात, कोरडेमामा बोटभर पाण्यात उभे होते. लिफ्ट सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलेली, मेन स्विच पाडून त्याला कुलूप घातलेलं आणि किल्ली लिफ्टवाल्याच्या खिशात. एवढं केल्याशिवाय मामा खड्ड्यात पाऊल टाकत नसत. डोक्यावर लिफ्ट लटकत असताना खाली उतरणाऱ्या माणसाला ते माणसांत धरत नसत.

टकलावरचा थेंब त्यांनी तळव्यानं पुसला, तळवा लेंग्याला पुसला आणि विसरून गेले. दिवस शुक्रवारचा, वेळ सकाळी साडेनऊची. थेंब पुसायच्या आधी त्यांनी जरा वर बघितलं असतं, तर पुढचे तीन दिवस वाचले असते. पण लिफ्टच्या खड्ड्यात पाणी दिसलं की सगळ्यांची मान खालीच जाते. मामांचीही गेली.

तेवढ्यात वर बुटांचा आवाज झाला. सोसायटीनं नेमलेला इंजिनिअर आला होता. वय तिशीच्या आत, शर्टाला इस्त्री, हातात कागद.

"काय मामा, किती आलं आज?"

"बोटभर. परवा उपसलेलं, काल कोरडं होतं, आज परत."

"जमिनीचं पाणी दाबानं वर येतंय. तळ आणि भिंत मिळते ना, तिथला सांधा गेलाय. मंगळवारी सकाळी अकराला माणसं येतील. कडेची गोलाई फोडायची, भोकं पाडायची आणि दाबानं केमिकल भरायचं. तोवर तुम्ही एवढी सही करून द्या."

"कसली सही?"

"चार वर्षांपूर्वी केलेलं वॉटरप्रूफिंग सदोष होतं, एवढंच लिहिलंय. सोसायटीला कागद लागतो."

मामांनी कागद हातात घेतला नाही. "माझे हात ओले आहेत," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते हात ओले असल्याचं कारण सांगत होते.

मामांचा बाप विहिरी खणायचा. पाणी लागलं की काठावरची माणसं नाचायची आणि बाप खालून वर यायचा तो चिखलानं माखलेला, देवासारखा. बापानं जन्मभर पाणी शोधलं आणि पोरानं जन्मभर पाणी हाकललं. तळघरं, जमिनीखालच्या टाक्या, लिफ्टचे खड्डे. जमिनीखाली जे जे असेल आणि ज्यात पाणी नको असेल, तिथं मामांना बोलवायचे. काम झालं की कंत्राटदार विचारायचा, "कसं आहे?" आणि मामा एकच शब्द बोलायचे, "कोरडं." त्यावरनं कोरडेमामा. बायकोनं भाजी कशी झालीय विचारलं तरी तोंडातनं "कोरडी" निघायचं आणि मग दोन दिवस खरंच कोरडंच जेवावं लागायचं. मुलीची पाठवणी झाली तेव्हा सगळा मांडव रडला, एकटे मामा ठणठणीत उभे. लोक म्हणाले, ह्या माणसानं डोळ्यांनाही आतून लेपाचे दोन हात मारून घेतलेत.

हा खड्डा मात्र त्यांच्या लाडाचा होता, आणि त्याला कारण होतं. काम चालू असतानाच ह्या इमारतीतला सहाव्या मजल्यावरचा एक फ्लॅट त्यांच्या होणाऱ्या जावयानं घेतला होता. उद्या आपली पोर ज्या लिफ्टनं वरखाली करणार, तिच्या तळाशी हात आखडता कोण घेईल? खाली साधं काँक्रीट, त्यावर वॉटरप्रूफ मसाल्यात बसवलेल्या फरशा, फरशांच्या सांध्यांत सिमेंटचं पातळ दूध, मग त्यावर खरा तळ. भिंत जिथून वर निघते तिथं रबराची पट्टी अर्धी तळात, अर्धी भिंतीत. भिंत उभी राहिल्यावर तिच्या बाहेरूनही फरशांची दुसरी भिंत, मधल्या इंचभर फटीत परत दूध ओतलेलं. म्हणजे एका पेटीत दुसरी पेटी. आतून कोपऱ्याला गोल वाटा मारला, कारण काटकोनात लेप नीट बसत नाही, तिथं चीर पडते. इमारत दोन मजले चढून वजन आल्यावर उपसा पंप बंद केला, जमिनीचं पाणी वर येऊ दिलं आणि सात दिवस मामा रोज खड्ड्यात उतरून तळवा टेकवून बघायचे. सातव्या दिवशी ते खड्ड्यात बसूनच जेवले. खाली पेपर अंथरलेला. उठल्यावर पेपर उचलून पाहिला, अक्षर फुगलेलं नव्हतं.

आणि आता त्याच खड्ड्यात ते बोटभर पाण्यात उभे होते.

लिफ्टच्या खड्ड्याची एक खोड आहे. इमारतीत वर जे बोललं जातं ते त्यात खाली येऊन पडतं, धूळ येते तसं. दारांच्या फटीतनं प्रत्येक मजल्याचा आवाज आत शिरतो आणि भिंतींच्या नळकांड्यातनं घरंगळत थेट तळाशी. दुसऱ्या मजल्यावर कुणाचा दात दुखतो, चौथ्यावर कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे मामांना ह्या नऊ दिवसांत पाठ झालं होतं. आणि सहाव्या मजल्यावरून एक आवाज यायचा, तो घरंगळत येत नसे, दगडासारखा सरळ यायचा.

"नऊ दिवस झाले सहा मजले चढतेय मी! आमच्या व्याह्यांचा खड्डा ना तो! घराण्याची देणगी!"

ह्या मामांच्या विहीणबाई. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मैदानावर चारशे पोरं एका हाकेत गप्प करण्याचा सराव असलेला गळा. बोलायच्या त्या शेजारणीशी, पण ऐकायचं सगळ्या इमारतीनं. त्या व्याह्यांना तोंडावर "खड्डेवाले" म्हणायच्या, हसत हसत, म्हणजे राग धरायचीही सोय नाही. मामांना सहीपेक्षा ह्या गळ्याची भीती जास्त होती. कागद फाईलमध्ये जातो. गळा रोज सकाळी असतो, आणि त्याच्या समोर त्यांची पोर असते.

त्या दिवशी दुपारी मुलगी डबा घेऊन सहा मजले उतरून आली.

"बाबा, खरं सांगा. सुटला का हात कुठं?"

मामा म्हणाले, "सांध्याच्या दिवशी मला ताप होता."

"म्हणजे?"

"म्हणजे ताप होता. उभा होतो, पण ताप होता. चार वर्षांत आठवण नव्हती. आता सारखी येते."

मुलीनं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "सासूबाई वाईट नाहीत हो. पण तुम्ही सही केलीत ना, तर माझ्या घरात तो कागद भिंतीवर लागल्यासारखाच आहे."

मामांनी मान हलवली. जेवण झाल्यावर खड्डा शेवटच्या थेंबापर्यंत टिपला, पंख्यानं सुकवला आणि लिफ्टवाल्याला म्हणाले, "सिमेंट दे पाव गोणी. कोरडं."

"भरताय काय भेग?"

"शिंपडतोय. वरनं पीठ भुरभुरतो तसं."

"पिटात पीठ!" खड्ड्याला पिट म्हणणारा लिफ्टवाला आपल्याच विनोदावर इतका हसला की त्याच्या हातातला पाना खाली पडता पडता राहिला.

पण युक्ती जुनी आणि खरी होती. कोरड्या सिमेंटचा पातळ थर तळावर आणि गोल वाट्यावर पसरला, की पाणी जिथून झिरपतं तिथं तो आधी काळा पडतो. जिथून पाणी, तिथं डाग, बोट ठेवून दाखवता येतो. सांधा गेला असेल तर कडेनं काळी रेघ उमटणार होती. मामांनी वाट्यावर चिमटीनं सिमेंट सोडलं ते रांगोळी सोडल्यासारखं, आणि वर येऊन दाराला कुलूप घालायला लावलं.

शनिवारी कोरडं. रविवारी कोरडं.

"पाण्याचा दाब कमी झाला असेल," इंजिनिअर फोनवर म्हणाला. "येईल परत."

"शनिवार-रविवार सुट्टी घ्यायला जमिनीतल्या पाण्याला वार कळतो का साहेब?"

"काय?"

"काय नाय. मंगळवार लांब आहे म्हटलं."

सोमवारी मामा नऊला आले, खाली उतरले, बॅटरी लावली आणि तसेच उकिडवे बसून राहिले. कडेचा वाटा फिकट करडा, कोरडाठाक होता. चारी बाजूंनी, कोपऱ्यांतसुद्धा, चिमटीनं सोडलेलं सिमेंट जसंच्या तसं भुरभुरीत. त्यांनी फुंकर मारली तर ते उडालं. ओल होती ती भलतीकडेच, दाराच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर आत. आणि तिथं काळी रेघ नव्हती, खळगे होते. बारीक बारीक, देवी आलेल्या चेहऱ्यासारखे. त्यातल्या एका खळग्यात त्यांच्या डोळ्यांदेखत टप्पकन एक थेंब पडला आणि सिमेंट चारी बाजूंना उडालं.

झिरपणारं पाणी खळगा पाडत नाही. खळगा पाडायला उंचावरनं पडावं लागतं.

मामांचा हात आपोआप टकलावर गेला.

"लिफ्टवाल्या," ते हळूच म्हणाले, "शुक्रवारी तू थुंकला नव्हतास."

"तेच तर सांगत होतो!"

"माफ कर बाबा."

मामांनी बॅटरी पहिल्यांदा वर धरली. लिफ्ट वरखाली जाते त्या बोळाच्या तीन भिंती काँक्रीटच्या होत्या, मजल्यामागून मजला आतबाहेर पाट्या लावून ओतलेल्या, कारण लिफ्टचे रूळ ज्या ब्रॅकेटवर उभे असतात त्यांच्या बोल्टला काँक्रीटचीच पकड लागते. चौथी, दारांची बाजू, ब्लॉकची. ती मामांनीच रचली होती, सातव्या मजल्यावरून ओळंबा सोडून, पोट कुठं अर्ध्या बोटानंही पुढं येऊ न देता. आतून तिला गिलावा नव्हता, नुसते सांधे भरून सपाट केलेले. काँक्रीटवरून पाणी पळून जातं. ब्लॉक मात्र पितो आणि प्यालेला लपवत नाही. चार वर्षांची धूळ बसलेल्या त्या करड्या भिंतीवर, दारांच्या उजव्या अंगाला, हातभर रुंदीचा गडद पट्टा वर वर गेला होता.

"चल. किल्ली घे. एकेक मजला उघडून बघू."

दुसऱ्यावर पट्टा. तिसऱ्यावर पट्टा. चौथ्यावर लिफ्टवाल्यानं दार किलकिलं करून आधी अडसर लावला, मग मामांनी मान घालून पाहिलं. पट्टा. पाचव्यावर मामांचा गुडघा बोलायला लागला, पण त्याहून जास्त त्यांचं मन बोलत होतं, कारण पाचव्यावर पट्टा आणखी गडद होता, आणि पाचव्याच्या वर कुठला मजला येतो हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

सहाव्या मजल्यावर ते पोचले तेव्हा विहीणबाई पदर खोचून, हातात खराटा घेऊन, लिफ्टसमोरची मोकळी जागा धूत होत्या. फरशी नवी होती. पांढरी, चकचकीत, आपलं तोंड दिसेल अशी.

"या या, खड्डेवाले! सहा मजले चढून? आता कळलं असेल रोज आम्हाला काय होतं ते!"

मामा लिफ्टच्या दारापाशी खाली बसले. लिफ्टवाले ज्याला सिल म्हणतात त्याला मामा उंबरा म्हणायचे. दारं ज्या धातूच्या पट्टीतून सरकतात ती पट्टी. मूळ काम करताना तो उंबरा बाहेरच्या फरशीपेक्षा अर्धं बोट उंच ठेवला होता आणि फरशीला पलीकडं, पाणी जायच्या जाळीच्या नाल्याकडं, उतार दिला होता. सांडलेलं पाणी लिफ्टकडं यायचंच नाही. पण ही नवी फरशी जुनीच्या डोक्यावर चिकटवलेली होती. जुनी न काढता. फरशीची जाडी, खालच्या मसाल्याची जाडी, आणि उंबरा फरशीच्या खाली गेला होता. त्यांच्यासमोर विहीणबाईंच्या बादलीतलं पाणी त्याच्यापाशी आलं, क्षणभर थबकलं आणि दाराखालच्या फटीतनं पाहुण्यासारखं आत गेलं.

"ही फरशी कधी बसवलीत?"

"दोन महिने झाले. मी आणि शेजारणीनं मिळून. छान आहे ना?"

"आणि धुता कधी?"

"सोमवार-शुक्रवार. नियमानं."

लिफ्टवाला खोकला. मामांनी त्याच्याकडं असं बघितलं की खोकला गळ्यातच बसला. दारात मुलगी येऊन उभी राहिली होती. तिनं बापाचा चेहरा पाहिला, बादली पाहिली, उंबरा पाहिला, आणि ती खड्डेवाल्याचीच पोर असल्यामुळं तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं बापाकडं बघून मान हलवली. नको, अशी.

मामा उठले. बोललं तर पोरीच्या सासूला सगळ्या इमारतीत खाली बघावं लागणार. नाही बोललं तर उद्या अकराला चांगला धडधाकट सांधा फोडून त्यात भोकं पाडणार, आणि मग खरंच पाणी येणार. सही गेली चुलीत. पण निरोगी माणसाचं पोट फाडताना बघत बसणं मामांना जमण्यासारखं नव्हतं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तुम्ही शाळेत असताना एखाद्या पोराचं उत्तर बरोबर असून त्याला कुणी भोपळा दिला, तर काय करायचात?"

"पेपर परत तपासायची."

"मग माझा तपासा. खड्ड्यातलं पाणी खालचं नाय. हे आहे." त्यांनी बादलीकडं बोट केलं.

मुलीनं डोळे मिटले. विहीणबाईंनी खराटा भिंतीला टेकवला, अगदी सावकाश.

"म्हणजे मी भरते तुमचा खड्डा?"

"मी असं म्हणालो नाय. फरशीवाल्यानं जुनी काढली नाय, उंबरा बुडाला. तुम्ही नुसतं धुता."

"बादलीभर पाणी सहा मजले खाली जाईल? वाटेत वाळून जाईल हो! काहीतरी बोलायचं म्हणून!" मग त्या सुनेकडं वळल्या. "कपड्यांची नीळ आण गं. ती मोठी बाटली. आता बघू कुणाचा पेपर बरोबर आहे. खड्डेवाले, तुम्ही खाली जा. त्या इंजिनिअरलाही बोलवा, साक्षीला. माझं निळं पाणी खाली दिसलं नाही, तर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

"आणि दिसलं तर?"

"दिसणार नाही."

"तरीपण."

विहीणबाईंनी पदर पुन्हा खोचला. "तर मी म्हणेन तुमचा खड्डा कोरडा आहे."

"सगळ्यांना ऐकू जाईल असं?"

"मला हळू बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

इंजिनिअर अर्ध्या तासात आला. तळमजल्याच्या अडसराशी तो आणि मामा खाली वाकून उभे राहिले, बॅटरी खड्ड्यात धरून. वर सहाव्यावर लिफ्टवाल्यानं दार उघडून अडसर लावला होता, आत कुणी डोकावू नये म्हणून स्वतः आडवा उभा होता. वरून हाक आली.

"ओतू?"

"ओता!"

काही झालं नाही. एक मिनिट गेलं. इंजिनिअरनं घड्याळ बघितलं. दुसरं मिनिट गेलं. मामांना पहिल्यांदाच वाटलं की पाणी वाटेतच वाळलं. जन्मभर पाण्याला ये म्हटलं नव्हतं. आज मनातल्या मनात ते त्याची विनवणी करत होते. ये बाई. एवढ्या वेळी ये.

टप्प.

कोरड्या सिमेंटवर शाईचा ठिपका पडावा तसा निळा ठिपका. मग दुसरा. मग भिंतीवरनं एक निळी रेघ हळूहळू उतरली, पहिल्या मजल्याच्या दारावरच्या लिंटलवर जराशी थांबली, कडेनं वळली आणि धारेनं पडायला लागली. पडली ती नेमकी देवीच्या वणांवर.

इंजिनिअरनं खिशातला कागद काढला, चार घड्या केल्या आणि परत खिशात घातला. "मी वर बघायलाच हवं होतं," तो म्हणाला. पोरगा मनानं चांगला होता.

"मी कुठं बघितलं होतं?" मामा म्हणाले. "माझ्या तर डोक्यावर पडलं होतं."

"काय दिसलं?" वरून गळा आला.

"निळं," असं म्हणायला मामांना जड गेलं. पोर वर उभी होती. शेवटी इंजिनिअरनंच ओरडून सांगितलं, "निळं आलंय, मॅडम!"

  मग बोळाच्या तोंडाशी विहीणबाईंचा घसा खाकरला गेला. चारशे पोरांना गप्प करणारा गळा सात मजल्यांच्या काँक्रीटच्या नळकांड्यात सुटला आणि प्रत्येक दाराच्या फटीतनं आत शिरला.

"सगळ्यांनी ऐका! आमच्या व्याह्यांचा खड्डा कोरडा आहे! पाणी माझ्या बादलीचं होतं! चूक आमची, आणि त्या मेल्या फरशीवाल्याची! पुन्हा खड्डेवाले म्हणायची नाही मी!"

दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी टाळी वाजवली. विहीणबाईंचा आवाज जराही खाली आला नाही. "टाळ्या कशाला? चूक कबूल करताना आवाज मोठा लागतो, शाळेत हेच शिकवलं मी!" आणि मग, तेवढ्याच मोठ्यानं, "मामा! फरशी किती कापायची ते सांगा!"

"उंबऱ्यापासनं हातभर!" मामा खालून ओरडले. "खालची जुनी दिसेपर्यंत. मग नाल्याकडं उतार!"

"पांढरी फरशी? हातभर?"

"वीतभर जास्त झालं तरी चालंल!"

"बघू! आधी वर या. सुनेनं चहा टाकलाय."

मामांनी वर बघितलं, सहा मजल्यांच्या उंचीवर चौकोनी उजेडात मुलीचा चेहरा लिफ्टवाल्याच्या खांद्यामागून डोकावत होता. हसत होती की काय, एवढ्या लांबून कळेना. वाकून बघताना धारेखाली आलेलं मामांचं टक्कल निळं झालं होतं, ते मात्र तिला नक्की दिसलं असणार.

"चहा नंतर!" ते म्हणाले. "सिमेंटात पाणी पडलंय. आत्ता उचललं नाय तर घट्ट धरंल, मग छिन्नी लावावी लागंल माझ्याच गोल वाट्याला."

आणि शिडीनं खाली उतरून, थापी तिरकी धरून, त्यांनी निळा चिखल घमेल्यात खरवडायला सुरुवात केली, कोपऱ्यापासनं, लेपाला ओरखडा न येऊ देता.